खोकणाऱ्याला खोकू द्या, गप्प झालेल्याकडे धावा

जेवताना कुणाला जोराचा ठसका लागला की आजूबाजूचे सगळे उठतात. कुणी पाठीवर चापट्या मारतं, कुणी पाण्याचा पेला पुढे करतं. खोकल्याचा आवाज मोठा असतो, चेहरा लालबुंद होतो, डोळ्यांतून पाणी वाहतं, त्यामुळे बघणाऱ्यांचं धाबं दणाणतं. खरा जीवघेणा प्रसंग मात्र असा दिसत नाही. ज्याची श्वासाची वाट पूर्ण बंद झाली आहे तो खोकत नाही, ओरडत नाही, हाकही मारत नाही, कारण आवाज काढायला लागणारी हवाच हलत नाही. शेजारी बसलेल्या माणसालाही कधी कधी अर्धं मिनिट काही कळत नाही.

मी प्रथमोपचाराचे वर्ग घेते. तिथे लोकांना हात कुठे ठेवायचा हे लवकर जमतं. जड जातं ते आधीचं काम: कधी हात लावायचा नाही आणि कधी एक क्षणही थांबायचं नाही, हे ओळखणं. म्हणून या लेखात जास्त जागा त्या ओळखण्यालाच देते आहे. सगळं प्रौढ माणसांबद्दल आहे. एक वर्षाखालच्या बाळांसाठी पद्धत वेगळी असते आणि ती इथली वाचून करू नये.

घास वाट कुठे चुकतो

अन्न आणि हवा दोन्ही घशाच्या एकाच जागेतून खाली जातात. पुढे दोन वाटा फुटतात. पुढच्या बाजूला स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनलिका, मागच्या बाजूला अन्ननलिका. गळ्यावर मधोमध जो उंचवटा हाताला लागतो त्यावर बोट ठेवून थुंकी गिळून पाहा. उंचवटा वर सरकतो आणि परत खाली येतो. त्या एवढ्याशा वेळात स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरचं कंठच्छद नावाचं झाकण खाली झुकतं, स्वरतंतू एकमेकांना मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. घास मागच्या वाटेने निघून जातो. दिवसातून शेकडो वेळा हे बिनबोभाट चालू असतं.

बोलायला किंवा हसायला मात्र श्वासाची वाट उघडी लागते आणि मोठ्याने हसण्याआधी माणूस झपकन श्वास आत ओढतो. तोंडात नीट न चावलेला घास असेल तर तो त्या श्वासाबरोबर पुढच्या वाटेला लागतो. कवळी लावणाऱ्यांना तुकडा किती मोठा राहिला आहे याचा अंदाज नीट येत नाही. मद्य प्यायलं असेल तर गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया मंदावते. पक्षाघातानंतर, कंपवातात आणि स्मृतिभ्रंशातही गिळण्याचा ताळमेळ बिघडतो. वयस्कर माणसं या अपघातात जास्त सापडतात ती याच कारणांमुळे.

तुकडा आत शिरला की पुढचं सगळं एका गोष्टीवर ठरतं: त्याच्या कडेने हवा जाते आहे की नाही.

हवा जात असेल तर

तुकडा लहान असेल, वेडावाकडा असेल किंवा तिरपा अडकला असेल, तर कडेने थोडी वाट उरते. याला आपण अर्धवट अडथळा म्हणू. माणूस खोकतो, मध्ये श्वास घेतो, तुटक का होईना बोलतो. अशा वेळी त्याच्याजवळ जगातलं सर्वांत चांगलं साधन असतं, ते म्हणजे त्याचा स्वतःचा खोकला. खोकताना आधी खोल श्वास आत घेतला जातो, मग स्वरतंतू घट्ट मिटतात, छातीचे आणि पोटाचे स्नायू त्या कोंडलेल्या हवेवर दाब देतात आणि मग स्वरतंतू एकदम उघडतात. आत भरपूर हवा घेऊन मारलेल्या अशा खोकल्याचा जोर बाहेरून दिलेल्या थापेला किंवा धक्क्याला सहसा येत नाही.

म्हणून नीट खोकणाऱ्या माणसाच्या पाठीवर मारू नका, पोटावर दाबू नका. त्याला थोडं पुढे वाकू द्या आणि "खोका, जोरात खोका, मी इथेच आहे" एवढं सांगा. पाणी देऊ नका. ज्याची वाट अर्धी बंद आहे त्याच्या तोंडात पाणी घातलं की तेही त्याच वाटेने आत जाऊ शकतं. तोंडात बोटं घालून काही काढायला जाऊ नका. काही न करता जवळ उभं राहणं मदत करणाऱ्याला फार अवघड जातं, हे मी वर्गात नेहमी पाहते. पण इथे तेच बरोबर आहे.

मात्र नजर हलवू नका. अर्धवट अडथळा कधीही पूर्ण होऊ शकतो. तुकडा फिरतो, घट्ट बसतो, किंवा माणूस दमतो. हा बदल आधी कानाला कळतो. खोकला बारीक होत जातो, दोन खोकल्यांच्या मध्ये श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा चिरका आवाज येऊ लागतो, शब्द तुटतात आणि मग येतच नाहीत. ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी दिसू लागतात. त्वचा सावळी असेल तर चेहऱ्यावरून हे कळत नाही, ओठांची आतली बाजू पाहावी लागते. पण रंग बदलण्याची वाट पाहत बसू नका. खोकल्यातला जीव गेला, की तो अडथळा पूर्ण झाला असंच समजून हालचाल करा.

हवा जात नसेल तर

पूर्ण अडथळ्यात माणसाचं तोंड उघडं असतं, तो श्वास घ्यायचा प्रयत्न करतो, छाती-पोट हलतं, पण आत काही जात नाही. डोळे विस्फारलेले असतात. बहुतेकदा एक किंवा दोन्ही हात गळ्याकडे जातात. काही जण उठून सरळ आत निघून जातात. चारचौघांत तमाशा नको म्हणून माणूस स्वच्छतागृह गाठतो, दार लावतो आणि तिथेच कोसळतो. जेवता जेवता कुणी एकही शब्द न बोलता, गळ्याशी हात नेत उठलं, तर त्याच्या मागे जा.

1963 मध्ये रॉजर हॉगन या अमेरिकन डॉक्टरांनी उपाहारगृहांत जेवताना अचानक मरण पावलेल्या माणसांबद्दल लिहिलं होतं. हृदयविकाराचा झटका आला असं सगळ्यांनी धरून चाललेल्या त्या माणसांच्या शवविच्छेदनात श्वासमार्गात अन्नाचा तुकडा सापडला होता. ही गफलत आजही होते, कारण दोन्हींत माणूस जेवता जेवता कोसळतो. फरक असा, की हृदयाचा झटका आलेला माणूस सहसा काहीतरी बोलू शकतो, छातीत दुखतंय म्हणू शकतो. घास अडकलेला बोलू शकत नाही.

त्यामुळे विचारायचा प्रश्नही नेमका हवा. "काय झालं?" याचं उत्तर त्याला देताच येत नाही. "घशात घास अडकलाय का? बोलता येतंय का?" असं विचारा, म्हणजे मानेने होकार-नकार देता येईल. मान हलली आणि आवाज आला नाही, की तुमचं निदान झालं.

वेळ फार थोडा असतो. प्राणवायू पूर्ण बंद झाला की एक-दोन मिनिटांत शुद्ध हरपू शकते आणि चार मिनिटांच्या आसपास मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका सुरू होतो. रुग्णवाहिका तेवढ्यात येत नाही. म्हणजे जो करायचा तो उपाय शेजारी बसलेल्या माणसानेच करायचा असतो.

एक प्रसंग, सुरुवातीपासून

समजा, सत्तरीचे एक गृहस्थ घरच्यांबरोबर जेवताहेत. कवळी आहे. मांसाचा मोठा तुकडा तोंडात असताना कुणाच्या तरी बोलण्यावर ते हसतात आणि ठसका लागतो. खोकला खणखणीत आहे. सून जवळ जाते, "बाबा, खोका, पुढे वाका" म्हणते. मुलगा पाणी आणतो, ती हातानेच नको म्हणून सांगते. हे बरोबर चाललं आहे.

थोड्या वेळाने खोकल्याचा आवाज बदलतो. आधी दणदणीत होता तो आता हुंकारासारखा. श्वास घेताना चिरका आवाज येतो आणि मग तोही थांबतो. बाबा हात गळ्याशी नेतात. सून विचारते, "बाबा, बोलता येतंय का?" ते मान हलवतात, नाही. इथून पुढे प्रोत्साहन देण्यात एक सेकंदही घालवायचा नाही. ती नवऱ्याला म्हणते, "रुग्णवाहिकेला फोन कर, स्पीकर चालू ठेव," आणि स्वतः कामाला लागते. दोघं असतील तर फोन एकाने आणि उपचार दुसऱ्याने. एकटेच असाल तर आधी उपचार सुरू करा आणि त्यातच ओरडून कुणाला तरी बोलवा.

ती त्यांना उभं करते आणि त्यांच्या एका बाजूला, किंचित मागे उभी राहते. एक हात छातीवर पुढून आडवा लावून त्यांना कमरेतून बरंच पुढे वाकवते, डोकं छातीपेक्षा खाली जाईल इतकं. हे वाकवणं महत्त्वाचं आहे. ताठ उभ्या माणसाच्या नलिकेतून सुटलेला तुकडा आणखी खाली घसरू शकतो, वाकलेल्याचा तोंडाकडे येतो. मग दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मनगटाकडच्या टणक भागाने दोन खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध जोरात थाप मारते. एक थाप म्हणजे एक स्वतंत्र प्रयत्न. प्रत्येक थापेनंतर तुकडा सुटला का हे बघायचं, सुटला तर थांबायचं. जास्तीत जास्त पाच. वर्गात बहुतेक जण इथे मायेने थोपटल्यासारखं मारतात. थोपटण्याने काही हलत नाही. थाप खालून वर तिरकी आणि दणका बसेल अशी हवी.

पाच थापांनी काही झालं नाही. आता ती त्यांच्या मागे जाते, दोन्ही हात त्यांच्या पोटाभोवती घालते आणि त्यांना थोडं पुढे वाकलेलंच ठेवते. एका हाताची मूठ वळते आणि अंगठ्याची बाजू पोटावर टेकवते, बेंबीच्या वर आणि छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाच्या खाली. हाडावर किंवा बरगड्यांवर मूठ यायला नको. दुसऱ्या हाताने मूठ घट्ट धरते आणि झटक्यात आत आणि वर ओढते. पुन्हा जास्तीत जास्त पाच वेळा, प्रत्येक वेळी बघत. ती उंचीने कमी आहे, म्हणून एक पाय त्यांच्या दोन पायांच्या मध्ये रोवते. म्हणजे ते कोसळलेच तर तिच्या मांडीवरून हळू खाली उतरवता येतील.

तिसऱ्या धक्क्याला तुकडा तोंडात येतो, बाबा तो थुंकतात, एक लांब खरखरीत श्वास घेतात आणि खोकायला लागतात. त्या खोकल्याचा आवाज हीच वाट मोकळी झाल्याची खूण. तुकडा सुटला नसता तर पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच धक्के, असं आलटून पालटून, तुकडा निघेपर्यंत किंवा ते बेशुद्ध होईपर्यंत.

श्वास आत जातच नाही तर पोट दाबून हवा बाहेर येते कुठून, असा प्रश्न पडू शकतो. सहज श्वास सोडल्यानंतरही प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत दोन लिटरांहून अधिक हवा उरलेली असते. पोट आत आणि वर ढकललं की छाती आणि पोटामधला पडदा वर जातो आणि ती हवा अडकलेल्या तुकड्याच्या मागून जोर लावते. प्लास्टिकची बाटली दाबल्यावर तोंडातलं बूच उडावं, तसंच हे आहे.

पोटावरच्या धक्क्यांची ही पद्धत हेन्री हाइम्लिक या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी 1974 मध्ये मांडली. पाठीवरच्या थापांना त्यांचा कडवा विरोध होता आणि अमेरिकेत बरीच वर्षं प्रौढांसाठी फक्त पोटाचे धक्केच शिकवले गेले. युरोपात मात्र आधी थापा आणि मग धक्के असंच चालू होतं. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेल्या माणसांत आजही वाद होतो. आता 2025 च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांसाठी पाच थापा आणि पाच धक्के आलटून पालटून सांगितले आहेत. कुणी तुम्हाला फक्त एकच पद्धत शिकवली असेल आणि ऐन वेळी तेवढीच आठवली, तर तीच सुरू करा. काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं आहे.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पोटावर धक्के देत नाहीत. माणूस इतका स्थूल असेल की पोटाभोवती हात पुरत नाहीत, तर तेही जमत नाही. तेव्हा मागूनच हात काखेखालून पुढे घ्यायचे, मूठ छातीच्या मधल्या हाडाच्या मध्यावर ठेवायची आणि सरळ आपल्याकडे ओढायची. पाठीवरच्या थापा नेहमीसारख्याच. चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस असेल तर चाकं अडकवून मागून किंवा बाजूने हेच करता येतं.

आणि घरात एकटेच असताना घास अडकला तर? आधी रुग्णवाहिकेचा क्रमांक लावा आणि फोन चालूच ठेवा. बोलता आलं नाही तरी पलीकडे काहीतरी चुकतंय हे कळू शकतं. मग स्वतःची मूठ त्याच जागी ठेवून आत आणि वर दाबा, किंवा खुर्चीच्या पाठीवर, ओट्याच्या कडेवर पोटाचा तोच भाग टेकवून अंग झोकून द्या. शक्य असेल तर दार उघडून बाहेर जा, जिथे कुणाला दिसाल तिथे.

बेशुद्ध झाल्यावर

माणूस हातात ढिला पडला की उभ्याने प्रयत्न करणं सोडा. त्याला सावकाश जमिनीवर उताणं झोपवा. फोन अजून झाला नसेल तर आता लगेच करा. मग सीपीआर सुरू करा. नाडी शोधत बसू नका. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबा, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने. हे दाब फक्त हृदयासाठी नाहीत. छाती दाबल्यानेही फुप्फुसातली हवा तुकड्याच्या मागून बाहेर रेटली जाते. शिवाय शुद्ध हरपल्यावर घशाचे स्नायू ढिले पडतात, त्यामुळे जो तुकडा आधी हलत नव्हता तो आता हलू शकतो.

30 दाबांनंतर तोंड उघडून आत बघा. तुकडा डोळ्यांना दिसला आणि बोटात येण्यासारखा असला तरच बाहेर काढा. दिसत नसताना बोट घालून चाचपडू नका, त्याने तो आणखी खोल जातो. कवळी सैल होऊन आली असेल तर काढून ठेवा. शिकलेलं असेल तर दोन श्वास देऊन पाहा. छाती वर आली नाही तरी थांबू नका, पुन्हा 30 दाब. श्वास देता येत नसतील तर नुसते दाब चालू ठेवा. मदत हातात येईपर्यंत किंवा तो माणूस हालचाल करू लागेपर्यंत हे चालू राहतं.

एक वेगळी गोष्ट याच्याशी गल्लत करण्यासारखी आहे. घास अन्ननलिकेत अडकला तर माणूस नीट बोलतो, नीट श्वास घेतो, पण छातीत काहीतरी रुतून बसलंय म्हणतो आणि स्वतःची थुंकीही त्याला गिळता येत नाही, लाळ गळत राहते. इथे थापा किंवा धक्के कामाचे नाहीत. त्याला काही खायला-प्यायला न देता रुग्णालयात न्या.

तुकडा निघाला, श्वास परत आला, म्हणजे सगळं मिटलं असं धरू नका. पोटावर धक्के दिले असतील तर माणूस कितीही ठणठणीत वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नीट दिलेल्या धक्क्यांनीही बरगडी मोडू शकते, यकृताला, प्लीहेला किंवा जठराला इजा होऊ शकते आणि ती बाहेरून दिसत नाही. नंतर पोटात दुखत राहिलं, चक्कर आली, उलटी झाली, तर थांबू नका. दुसरी काळजी तुकड्याच्या उरलेल्या कणांची. ते खाली फुप्फुसात उतरलेले असू शकतात. खोकला थांबतच नसेल, श्वासाला घरघर असेल, अजून काहीतरी अडकलंय असं वाटत असेल, किंवा काही दिवसांनी ताप येऊन खोकल्यातून कफ पडू लागला, तर डॉक्टरांना जेवताना घास अडकला होता हे आवर्जून सांगा. ते सांगितलं नाही तर साधा न्यूमोनिया समजून औषधं चालू राहतात आणि कारण आतच राहतं.